थंडीतला रक्तदाब आणि आप्पांचे कार्ड

आधी एक कार्ड वाचू. हे कार्ड आमच्या शेजारच्या आप्पांचे आहे. आप्पांचे वय ६२. गाव सातारा जिल्ह्यात, वाई तालुक्यात. चार वर्षांपासून त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. दर महिन्याला ते आरोग्य केंद्रात जातात, दंडाला पट्टा बांधून घेतात, सिस्टर आकडा कार्डावर लिहितात आणि महिन्याच्या गोळ्या देतात. मागच्या हंगामातले त्यांचे आकडे असे होते :

ऑक्टोबर : १३२ / ८२
नोव्हेंबर : १३६ / ८४
डिसेंबर : १५८ / ९४
जानेवारी : १३६ / ८४
फेब्रुवारी : १३४ / ८२
मार्च : १२६ / ७८
एप्रिल : १०४ / ६६

आकडे पुन्हा एकदा सावकाश वाचा. डिसेंबरात आकडा वर उडाला आणि एप्रिलात खाली बसला. माणूस तोच. मग असे का झाले, आणि डॉक्टरांनी काय केले, ते या धड्यात आम्ही सांगणार आहोत.

प्रत्येक ओळीत दोन आकडे आहेत. आपले हृदय पंपासारखे आहे. ते आवळते तेव्हा रक्त नळ्यांत जोराने ढकलले जाते. त्या वेळचा जोर म्हणजे वरचा आकडा. हृदय सैल पडून पुन्हा भरते, त्या वेळी नळ्यांत जो जोर उरतो तो खालचा आकडा. आरोग्य केंद्रात मोजलेला वरचा आकडा १४० च्या खाली आणि खालचा ९० च्या खाली असावा, असे डॉक्टर धरतात. आप्पांचा ऑक्टोबरचा आकडा या हिशेबात बसतो. डिसेंबरचा बसत नाही.

आता थंडीकडे येऊ. पहाटे उसाच्या फडात गेलेल्या माणसाला हे सांगायला नको. बोटे आखडतात, नखे निळसर दिसतात, हात गार पडतात. हात गार का पडतात? कातडीखाली रक्ताच्या बारीक बारीक नळ्या असतात. थंडी लागली की शरीर त्या नळ्या आवळून घेते. कातडीकडे गरम रक्त कमी गेले म्हणजे अंगातली ऊब बाहेर कमी जाते. ही शरीराची शहाणी युक्ती आहे. पण तिची किंमत मोजावी लागते. मळ्यात पाणी देताना पाईपच्या तोंडावर अंगठा दाबून पाहा. पाणी तेवढेच, वाट मात्र अरुंद झाली. लगेच पाईप ताठ होतो आणि आतला जोर वाढतो. हजारो बारीक नळ्या एकदम आवळल्या की अंगातल्या रक्ताचेही तसेच होते. दोन्ही आकडे वर सरकतात.

दुसरे कारण घामाचे. उन्हाळ्यात आपण घाम गाळतो. घामाबरोबर पाणी जाते आणि मीठही जाते. सदरा वाळला की पाठीवर पांढरे डाग दिसतात, ते मिठाचेच. थंडीत घाम थांबतो. मीठ अंगात राहते, आणि मीठ पाण्याला धरून ठेवते. त्यात थंडीच्या दिवसांत लोणचे, खारातली मिरची, पापड, वडे, भजी यांना चव येते. म्हणजे मीठ बाहेर जायची वाट अरुंद आणि आत यायची वाट रुंद. म्हाताऱ्या माणसाच्या नळ्या आधीच कडक झालेल्या असतात, त्यामुळे त्याच्या आकड्यात हा फरक जास्त दिसतो.

हे आजचे ज्ञान नाही. जेफ्री रोज नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९६१ सालीच ऋतूप्रमाणे रक्तदाब कसा बदलतो यावर लेख लिहिला. पुढे अनेक देशांत मोजणी झाली. २०२० साली युरोपातल्या रक्तदाबाच्या जाणकार डॉक्टरांनी एकत्र बसून ही सगळी मोजणी तपासली. त्यांच्या हिशेबाने थंडीपेक्षा उन्हाळ्यात वरचा आकडा सरासरी ५ ने आणि खालचा ३ ने कमी असतो. सरासरी म्हणजे काय, हे इथे ध्यानात घ्या. कुणाचा फरक दोनचा, तर कुणाचा पंधराचा.

कुणी म्हणेल, थंडी खरी ती विलायतेत. आपल्याकडे कसली? महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी कडाक्याच्या थंडीत दव गोठून पांढरा थर बसतो, ते सोडा. खाली वाईला, कोरेगावला, कराडला तेवढी थंडी नसते, हे खरे. पण बर्फाच्या देशात घराच्या आत ऊब असते. आपल्या कौलारू आणि पत्र्याच्या घरात पहाटे आत आणि बाहेर फारसा फरक नसतो. मोरीत गार पाण्याने तोंड धुतले, उघड्या अंगाने धारा काढायला गेले, की थंडी थेट अंगाला भिडते. आकडा चढवायला तेवढी पुरते.

आता आप्पांबरोबर डिसेंबरातल्या त्या सकाळी आरोग्य केंद्रात चला. आप्पा घरून चहा पिऊन, पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आले. कानाला मफलर, अंगात सदरा आणि वर स्वेटर. आले ते थेट खुर्चीवर बसले. बाही वर गुंडाळली, गर्दी होती म्हणून लगेच पट्टा बांधला गेला, आणि आकडा आला १५८ / ९४. आप्पा घाबरले. "बाई, हे काय झालं? म्या गोळी एक दिस चुकविली न्हाई!"

सिस्टर जुन्या होत्या. त्या म्हणाल्या, "आप्पा, घाबरू नका. आधी लघवीला जाऊन या. मग त्या उन्हाच्या कोपऱ्यात दहा मिनिटं गप बसा. बोलायचं नाही, तंबाखू नाही. मग परत बघू."

सिस्टरांनी असे का सांगितले? आकडा खरा आहे की मोजण्यातली चूक आहे, हे आधी ठरवावे लागते, आणि थंडीत चुका जास्त होतात. गुंडाळलेली जाड बाही दंडाला आवळते. ती वेगळी अडचण, आणि स्वेटरवरूनच पट्टा बांधला तर आकडा भलताच येतो. गार वाऱ्यातून आलेल्या माणसाच्या नळ्या आवळलेल्याच असतात. थंडीत लघवी जास्त लागते, आणि लघवी तुंबलेली असली तरी आकडा चढतो. चहा, तंबाखू, विडी यांनीही चढतो. आमच्याकडच्या कितीतरी बायाबापड्या सकाळी मिश्री लावतात. मिश्री ही भाजलेली तंबाखूच. म्हणून मोजण्याच्या आधी अर्धा तास यांतले काही नको. पाठ टेकलेली हवी, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले हवेत, दंड उघडा आणि छातीच्या उंचीला टेबलावर ठेवलेला हवा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजले तर उत्तम.

दहा मिनिटांनी आप्पांनी स्वेटर काढला, सदऱ्यातून हात बाहेर घेतला, आणि पुन्हा मोजले. आकडा आला १५२ / ९२. सहाने उतरला, पण १४० च्या वरच राहिला. म्हणजे सगळा दोष मोजण्याचा नव्हता.

मग आप्पा डॉक्टरीणबाईंपुढे बसले. बाईंनी लगेच चिठ्ठी लिहिली नाही. आधी विचारले, "गोळ्या रोज घेता का?" आप्पांनी रिकामे पाकीट काढून दाखवले. मग विचारले, "दुसऱ्या कुठल्या गोळ्या?" आप्पा जरा थांबले. थंडीने गुडघे धरतात म्हणून ते दुकानातून दुखण्याची गोळी आणून दोन आठवडे घेत होते, आणि सर्दी झाली तेव्हा नाक मोकळे करणारी गोळीही चार दिवस घेतली होती. हे त्यांनी आपणहून सांगितले नसते. त्यांच्या मते ती काही 'बीपीची' गोळी नव्हती.

ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते, म्हणून इथे थोडे थांबतो. अंगदुखीच्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी अडवून धरायला लावतात. नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्या नळ्या आवळतात. नाकातल्या आवळतात तशा अंगातल्याही. दोन्ही प्रकारांनी रक्तदाब चढतो, आणि या गोळ्यांचा हंगाम नेमका थंडीचाच. आमच्या घरातही हे झालेले आहे. तेव्हा डॉक्टरांपुढे बसाल तेव्हा घरातली सगळी पाकिटे पिशवीत घालून न्या.

बाईंनी दुखण्याची गोळी बंद केली. गुडघ्याला शेक घ्यायला सांगितले, आणि फारच दुखले तर पॅरासिटामॉलची साधी गोळी कधीमधी चालेल म्हणाल्या. लोणचे आणि पापड महिनाभर ताटातून उचलायला सांगितले. आणि म्हणाल्या, "आठ दिवसांनी परत या. दुपारी या, ऊन पडल्यावर. मधल्या दिवसांत आशाताईंकडून दोनदा मोजून घ्या."

आठ दिवसांत तीन आकडे जमले. १५०, १४८ आणि १५०. खालचे नव्वदीच्या आसपास. आता खात्री झाली. पहिल्या १५८ मधला काही भाग घाईचा आणि बाहीचा होता, काही दुखण्याच्या गोळीचा होता, आणि उरलेला थंडीचा. उरलेला भागही सोडून देण्यासारखा नव्हता. थंडीच्या महिन्यांत हृदयाचे झटके आणि मेंदूचे झटके, म्हणजे लकवा, जास्त येतात. 'थंडी सरली की उतरेल' म्हणून तीन महिने १५० वर बसून राहणे आप्पांच्या वयाला परवडणारे नाही.

आप्पांना आधी ॲम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची एक गोळी होती. ही गोळी नळ्या सैल करते. बाईंनी तिच्या जोडीला टेल्मिसार्टनची ४० मिलिग्रॅमची एक गोळी दिली. ही गोळी नळ्या आवळण्याचा जो निरोप शरीर पाठवते, तो निरोप अडवते. पहिलीच दुप्पट का केली नाही? कधी तसेही करतात. पण ॲम्लोडिपिन वाढवले की काही जणांच्या घोट्यांवर सूज येते; दोन वेगळ्या वाटांनी थोडे थोडे काम केले तर ते बरे पडते. गोळी सुरू करताना बाईंनी मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून घेतली, कारण टेल्मिसार्टनला ती लागते. आणि कार्डावर तारीख घालून लिहिले : 'थंडीत वाढवली. मार्चनंतर पुन्हा पाहणे.'

हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवा. त्याचे काम पुढे येणार आहे.

अशी कार्डाची पद्धत आपल्या जिल्ह्याला नवी नाही. २०१७ साली केंद्र सरकार, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून भारतात रक्तदाब आटोक्यात ठेवण्याचा एक मोठा उपक्रम सुरू केला. त्यात पहिल्यांदा पंचवीस जिल्हे घेतले. महाराष्ट्रातले त्यात चार होते : सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. ठरावीक मोजक्या गोळ्या, ठरावीक पायऱ्यांनी वाढवणे, आणि प्रत्येक माणसाचा आकडा दर भेटीला लिहून ठेवणे, असा तो मार्ग. लिहिलेले नसते तर आप्पांचा ऑक्टोबरचा आकडा डिसेंबरात कुणाच्या ध्यानात राहिला असता?

जानेवारीत आकडा १३६ वर आला. फेब्रुवारीत १३४. सगळे ठीक. मार्चमध्ये ऊन तापू लागले आणि आकडा १२६ झाला. आप्पा खूश झाले. त्या दिवशी केंद्रात वेगळे डॉक्टर होते, रांग मोठी होती, आणि कार्डावरची डिसेंबरची ओळ कुणी वाचली नाही. दोन्ही गोळ्या तशाच पुढे चालू राहिल्या. मार्चात त्याने काही बिघडले नाही, कारण १२६ हा चांगला आकडा आहे.

एप्रिलात आप्पा लेकीकडे गेले. लेक दिली आहे सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यात. तो मुलूख कमी पावसाचा आणि रणरणत्या उन्हाचा. वाईचा माणूस तिथे घामाने निथळतो. पाव्हणा माणूस पाणी तरी किती मागणार? त्यात दोन दिवस पोट बिघडले, जुलाब झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी आप्पा बाजेवरून उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि उंबऱ्यावर पडले. कपाळ फुटले. घरच्यांना वाटले, बीपी वाढला. कुणीतरी म्हणाले, "गोळी द्या लवकर, जादा द्या!" लेक शहाणी. ती म्हणाली, "आधी मोजू द्या." तिने बापाला आणि कार्डाला दोघांनाही दवाखान्यात नेले.

तिथे आकडा आला १०४ / ६६. डॉक्टरांनी आप्पांना हळूच उभे केले आणि एक मिनिटाने पुन्हा मोजले. उभ्याने वरचा आकडा ८४. उभे राहिल्यावर वरचा आकडा वीस किंवा जास्त उतरला, तर उठताना चक्कर येऊन माणूस पडू शकतो, हे डॉक्टर त्यावरून ओळखतात. वाढीव गोळी दिली असती तर काय झाले असते, याचा विचार तुम्हीच करा.

असे का झाले, ते आता तुम्हाला सांगता येईल. थंडीत आवळलेल्या नळ्या उन्हाने सैल झाल्या. घामाने पाणी आणि मीठ गेले. जुलाबाने आणखी गेले. म्हणजे पाईप रुंद झाला आणि त्यातले पाणी कमी झाले. त्यावर दोन गोळ्या मात्र डिसेंबराच्याच मापाने चालू होत्या. टेल्मिसार्टन घेणाऱ्याच्या अंगातले पाणी असे कमी झाले तर मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. काही जणांना लघवी वाढवणारी गोळी असते, क्लोरथॅलिडोन नावाची. त्यांना तर उन्हाळ्यात जास्त जपावे लागते, कारण घामही मीठ नेतो आणि गोळीही नेते.

जतच्या त्या डॉक्टरांनी कार्ड उघडले आणि डिसेंबरची ओळ वाचली. ते म्हणाले, "हे बघा, इथंच लिहिलंय." त्यांनी टेल्मिसार्टन थांबवले. ॲम्लोडिपिनही दोन दिवस थांबवून, जुलाब थांबल्यावर सुरू करायला सांगितले. जीवनरक्षक साखर-मिठाचे पाणी घोट घोट द्यायला सांगितले, आणि रक्ताची तपासणी केली. पंधरा दिवसांनी आकडा आला १२४ / ७६, एकाच गोळीवर. उभ्यानेही ११८ होता. चक्कर गेली. कपाळावरचा व्रण मात्र राहिला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर वाचून उलटाच घोटाळा व्हायचा. उन्हाळ्यात आकडा १२४ दिसला म्हणून आप्पांचा आजार गेला असे नाही. तो १२४ गोळी घेऊन आलेला आहे. एकच गोळी उरली आहे तीही सोडली तर आकडा पुन्हा चढेल. आणि पंचांगात मार्च आला म्हणून सगळ्यांची गोळी कमी करायची, असेही डॉक्टर करत नाहीत. ते कॅलेंडर पाहून बदल करत नाहीत, आकडा पाहून करतात. थंडीत चढलेला आकडा नीट मोजून, चार-आठ दिवसांनी पुन्हा मोजून तसाच राहिला तर वाढवतात. उन्हाळ्यात वरचा आकडा ११० च्या खाली जाऊ लागला, किंवा उठताना चक्कर, फार थकवा अशी लक्षणे दिसली, तर कमी करतात. आकडा १२० ते १३५ मध्ये असेल आणि माणसाला त्रास नसेल तर पुष्कळदा काहीच बदलत नाहीत. बऱ्याच लोकांना वर्षभर एकच माप पुरते. आप्पांसारखे थोडे असतात.

शिवाय आकडा उतरण्याची दुसरी कारणेही असतात, आणि ती ऋतूच्या नावावर खपवून चालत नाही. अंगातून रक्त जात असेल, हृदय दुबळे झाले असेल, वजन झपाट्याने उतरत असेल, तरी रक्तदाब कमी होतो. चढण्याचेही तसेच. थंडी आहे म्हणून चढला असेल, असे आपणच ठरवून घरी बसू नये. वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० याच्या पुढे गेला, तर शांत बसवून पाच मिनिटांनी पुन्हा मोजावे, आणि तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि तोंड वाकडे झाले, हातातली शक्ती गेली, बोलणे अडखळले, छातीत कळ आली, तर आकडा मोजत न बसता १०८ ला फोन करावा.

आप्पा आता घरी आहेत. मुलाने घरी मोजायचे यंत्र आणले आहे, दंडाला बांधायचे. मनगटाला बांधायचे घेऊ नका असे सिस्टरांनी सांगितले होते, कारण हाताची उंची जरा चुकली की ते आकडा चुकवते. आप्पा रोज मोजत नाहीत. रोज मोजले की माणूस आकड्यालाच घाबरायला लागतो. ते डॉक्टरांकडे जायच्या आधीचे सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजतात, सकाळचा गोळी घेण्याच्या आधी, आणि नातीच्या वहीत लिहितात. घरचा आकडा केंद्रातल्यापेक्षा थोडा कमी येतो, म्हणून घरी मोजताना हद्द १३५ आणि ८५ धरायची, हेही सिस्टरांनीच सांगितले. दोन वर्षांपूर्वी आप्पांना अंक लिहिता येत नव्हते. आमच्याच रात्रीच्या वर्गात ते शिकले.

वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी दोन ओळी लिहिल्या आहेत. अक्षर वाकडे आहे, पण वाचता येते : 'दिवाळी झाल्यावर मोजणे. शिमगा झाल्यावर मोजणे.' दर महिन्याची भेट तर असतेच. या दोन वेळा मात्र कार्डावरची डिसेंबरची ओळ ते स्वतः डॉक्टरांना वाचून दाखवणार आहेत.

आता हे करा. धड्याच्या सुरुवातीचे कार्ड पुन्हा उघडा आणि वाचून सांगा : दुसरी गोळी कोणत्या महिन्यात सुरू झाली? ती सुरू झाल्यावर पुढच्या महिन्यात वरचा आकडा किती आला? मार्चमध्ये आकडा १२६ होता तेव्हा डॉक्टरांनी कोणती ओळ वाचायला हवी होती? मग तुमच्या घरात कुणाचे कार्ड असेल तर ते काढा. मागच्या थंडीतला आकडा आणि मागच्या उन्हाळ्यातला आकडा शेजारी शेजारी एका कागदावर लिहा, आणि पुढच्या भेटीला तो कागद बरोबर न्या.